कोटेशनच्या मेलमध्ये भाव कसा लिहायचा: 'टॅक्ससकट' की 'टॅक्स वेगळा'?

आमचं छोटं मशीनशॉप आहे, भोसरीला, त्यामुळे आठवड्याला पाच-सहा कोटेशन मेलवर जातात. बरीच वर्षं मी एकच ओळ टाकायचो, 'दर रु. २,५०० प्रति नग, टॅक्स ॲप्लिकेबल'. मग एकदा ४० ब्रॅकेटची ऑर्डर आली, पीओमध्ये एकूण रक्कम १,००,००० आणि पुढे 'सर्व करांसह'. मी फोन केला तर पर्चेसवाला म्हणाला, 'टॅक्स लागू आहे असं तुम्हीच लिहिलंय ना, आम्ही आत धरला.' आता १८ टक्के जीएसटी आत धरला की १,००,००० मधले माझे राहतात ८४,७४६, आणि १५,२५४ सरकारचे. इथे बरेच जण गफलत करतात, लाखातून सरळ १८,००० वजा करतात. तसं नसतं, १.१८ ने भागायचं. कसंही मोजा, माझं मार्जिन गेलंच होतं.

तर 'टॅक्ससकट' की 'टॅक्स वेगळा', हे घेणारा कोण आहे त्यावर ठरवा. समोरचा जीएसटी रजिस्टर्ड कारखाना असेल तर तो भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट सहसा घेतो, म्हणजे त्याच्यासाठी खरा भाव १,००,०००च. तो तीन कोटेशन शेजारी ठेवून मूळ रकमाच बघणार, आणि तुम्ही एकटेच १,१८,००० लिहून बसलात तर घाईत महाग दिसाल. त्याला मूळ, टॅक्स, एकूण असं तिन्ही द्या. समोर हाउसिंग सोसायटी, घरमालक किंवा क्रेडिट न घेणारा छोटा दुकानदार असेल तर उलट. त्याच्या खिशातून १,१८,००० जाणार, मग तोच आकडा आधी आणि ठळक, नाहीतर बिल बघून 'हे वरचे १८,००० कुठून आले' असं विचारतो आणि बरोबरच विचारतो.

टॅक्ससकट लिहिताना एक फट राहते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे बरेच दर बदलले तेव्हा ज्यांनी नुसतं 'टॅक्ससकट' लिहिलं होतं त्यांची फरकावरून हुज्जत झाली असणार. म्हणून मी टक्का लिहितोच, आणि पुढे 'बिलाच्या दिवशी जीएसटीचा दर बदललेला असल्यास तो लागू'.

चलनाचं थोडक्यात. देशातल्या देशात 'रु.' चालतं, पण नेपाळ, श्रीलंकेतही रुपयेच आहेत, आणि नुसतं $ म्हणजे सिंगापूरचा, कॅनडाचा की अमेरिकेचा डॉलर? बाहेर मेल जाणार असेल तर आकड्याआधी INR, USD, AED असा कोड टाका. रुपयात द्यायचं की डॉलरमध्ये म्हणाल तर रुपयात दिलं की रेट खालीवर झाल्याचा धोका गिऱ्हाइकाचा, डॉलरमध्ये दिलं की तुमचा. एवढं मान्य असेल तर डॉलर द्या, बाहेरच्याला तेच सोपं पडतं. मधल्या बँकांचे चार्जेस कोण भरणार तेही लिहा, नाहीतर पैसे कापून येतात.

मुदतीत 'कोटेशन १५ दिवस वैध' आणि 'वैध ३१ मार्चपर्यंत' यात मी तारखेच्याच बाजूने. १५ दिवस मोजायचे कधीपासून, मेल गेल्यापासून की मॅनेजरने उघडल्यापासून? आणि त्या दिवशी काय व्हायला हवं तेही, म्हणजे 'पीओ आमच्या मेलवर पोचायला हवी', कारण फोनवरचं 'पक्कं समजा' धरून मी स्टील उचललंय आणि पीओ आलीच नाही. मुदत लिहिलीच नाही तर करार कायद्याप्रमाणे कोटेशन 'वाजवी काळ' जिवंत राहतं, आणि वाजवी म्हणजे किती यावर स्टील महागल्यावर कोणाचंच एकमत होत नाही.

पेमेंटमध्येही तोच घोळ. 'पेमेंट ३० दिवस' घ्या. बिल ३ मार्चचं, माल पोचला ९ ला, त्यांच्या क्वालिटीवाल्याने पास केला १७ ला. म्हणजे पैसे २ एप्रिलला, ८ ला की १६ ला? मी बिल-तारीख लिहितो, मोठी कंपनी 'माल मिळाल्यापासून' मागते, तिथे मी सोडतो, पण 'पास झाल्यापासून' ला नाही म्हणतो, कारण पास करणं त्यांच्या हातात. उद्यमवर नोंद असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर एमएसएमईडी कायद्यात माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे मुदत जाऊच शकत नाही, त्यामुळे कोणी '९० दिवस' म्हटलं तर हे मेलमध्येच शांतपणे लिहा. आणि ५० टक्के ॲडव्हान्स कशावर? मूळवर ५०,०००, एकूणावर ५९,०००.

आता माझी ओळ अशी जाते:

```
४० नग x INR २,५०० = INR १,००,०००
जीएसटी १८% वेगळा: INR १८,०००, एकूण INR १,१८,०००
(बिलाच्या दिवशी जीएसटीचा दर बदललेला असल्यास तो लागू)
पीओ ३१ मार्च, सायं. ६ पर्यंत मेलवर आल्यास हाच दर
५०% (एकूणावर) पीओसोबत, बाकी बिल-तारखेपासून ३० दिवसांत
```

हे अटॅचमेंटमध्ये असलं तरी मेलच्या मजकुरातही टाकतो, पीडीएफ कोणी उघडतंच असं नाही.