नंबर खरा होता, माणूस खोटा

शेअरमध्ये गुंतवायला पैसे भरण्याआधी बाबांनी शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या साइटवर सल्ला देणाऱ्याचा नोंदणी नंबर तपासला होता, हे सुरुवातीलाच सांगतो. ‘आधी रजिस्ट्रेशन बघायचं ना!’ असं म्हणणारे नंतर घरी बरेच येऊन गेले. बघितलं होतं. नंबर सापडला, नाव जुळलं, आणि तरीही निवृत्तीच्या पैशांतले साडेचार लाख गेले.

व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटलेल्या त्या ‘सरां’नी प्रमाणपत्राची पीडीएफ पाठवली होती. वर सेबीचं बोधचिन्ह, खाली सही-शिक्का, मध्ये INH ने सुरू होणारा नंबर. नंबर अस्सल होता, फक्त दुसऱ्याचा होता. सेबीची यादी सगळ्यांना खुली असते. तिथून एखाद्याचं नाव आणि नंबर उचलून स्वतःच्या कागदावर डकवायला कितीसा वेळ लागतो?

मी नंतर ती नोंद उघडून बसलो. sebi.gov.in वर Recognised Intermediaries अशी यादी आहे. त्यात आधी प्रकार निवडायचा, मग नाव किंवा नंबर टाकायचा. नोंदीत नावाखाली पत्ता आणि ईमेलही असतो. बाबांनी नाव बघून पान बंद केलं होतं. ‘सर’ जीमेलवरून लिहीत होते, नोंदीतला ईमेल वेगळाच होता. त्या पत्त्यावर मी मेल टाकला, तर खऱ्या गृहस्थांचा फोन आला. बिचारे वैतागलेले होते. त्यांच्या नावावर असे बरेच लोक फसले होते आणि त्यांनी स्वतःच पोलिसांत तक्रार दिली होती. पैसे देण्याआधी हाच एक मेल गेला असता, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. म्हणून समोरच्याने दिलेल्या नंबरवर नाही, तर यादीतल्या संपर्कावर विचारा: हा माणूस तुमचाच का?

दुसरी गोष्ट त्या अक्षरांतच होती. INH म्हणजे रिसर्च ॲनालिस्ट, INA म्हणजे गुंतवणूक सल्लागार, INZ म्हणजे शेअर ब्रोकर. रिसर्च ॲनालिस्ट फी घेऊन कोणता शेअर घ्यावा ते सांगू शकतो. तुमचं भांडवल स्वतःकडे घेऊन ते ‘फिरवायचा’ परवाना त्याला नसतो, आणि सल्लागारालाही नसतो. शेअर आपल्याच डीमॅटमध्ये, आपल्या ब्रोकरमार्फत यायला हवेत. म्हणजे तो नंबर खरंच त्या ‘सरां’चा असता, तरी त्यांनी साडेचार लाख मागणं हेच मुळात चुकीचं होतं. महिन्याला ठरावीक परताव्याचं आश्वासन तर यांच्यापैकी कोणालाच देता येत नाही.

पैसे गेले कुठे, ते बाबांच्या पासबुकात स्पष्ट दिसतं. पहिले पन्नास हजार एका ‘ट्रेडर्स’च्या चालू खात्यात, पुढचे दोन लाख एका ‘एंटरप्रायझेस’च्या, उरलेले कुणा तिसऱ्याच्या. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘आमचं मुख्य खातं ऑडिटला आहे.’ आता यासाठी सोय आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत संस्थांसाठी वेगळे यूपीआय आयडी आणले. ब्रोकरच्या आयडीत .brk आणि त्यापुढे @valid व बँकेचं नाव असतं, आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचं चिन्ह दिसतं. खात्यात थेट भरायचे असतील, तर सेबीच्या ‘सेबी चेक’ या ऑनलाइन सोयीवर खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून ते खातं खरंच त्या संस्थेचं आहे का, ते बघता येतं. सेबीच्या सारथी ॲपमध्येही ते आहे.

त्या ‘सरां’च्या ॲपमध्ये मात्र बाबांचे साडेचारचे नऊ लाख झाले होते. हिरवे आकडे, रोज वाढणारे. काढायला गेल्यावर ‘आधी वीस टक्के कर भरा’ असा निरोप आला. भांडवली नफ्यावरचा कर आपण आपल्या विवरणपत्रात भरतो, ब्रोकरकडे आगाऊ जमा करत नाही. शेअर खरोखर असते, तर डीमॅटची नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या स्टेटमेंटमध्ये दिसले असते. बाबांचं स्टेटमेंट कोरं होतं. तिथे त्यांना कळून चुकलं आणि कराचे पैसे तेवढे वाचले.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. शेवटच्या खात्यातले ऐंशी हजार बँकेने रोखून ठेवले आहेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं पोलीस म्हणतात. आधीच्या दोन खात्यांतून पैसे त्याच दिवशी पुढे गेले होते. सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार पोर्टलवर तक्रार करावी, असंही एकाने सुचवलं. पण ती सोय नोंदणी असलेल्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. आमच्या प्रकरणात नोंदणी असलेला माणूस निर्दोष, आणि दोषी माणसाची नोंदणीच नाही.