सभागृहातलं भाषण थेट कानातल्या मशीनमध्ये: ऑराकास्ट काही महिने वापरल्यानंतर

मंगळवार पेठेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात गेल्या उन्हाळ्यात ऑराकास्टचा, म्हणजे ब्लूटूथवरून एकाच वेळी अनेकांच्या कानात आवाज पाठवणाऱ्या सोयीचा, ट्रान्समीटर बसवला. माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे आणि सभागृहाच्या साउंडचं कामही मीच बघतो, त्यामुळे हा अनुभव ऐकणाऱ्याचा आणि बसवणाऱ्याचा असा दोन्हीकडचा आहे. निकाल आधीच सांगतो: भाषण, कीर्तन, सभा यांसाठी ही सोय घ्यावी. पण पेटी आणून टेबलावर ठेवली आणि झालं, असं हे काम नाही.

कानाला मशीन असलेल्या माणसाची अडचण आवाज लहान असण्याची क्वचितच असते. मशीनचा माइक आपल्या कानाशी असतो आणि वक्ता चाळीस फुटांवर. त्या माइकपर्यंत वक्त्याच्या आवाजाबरोबर भिंतींवरून परतलेला आवाज, पंखे, शेजारच्यांची कुजबुज असं सगळं पोचतं आणि मशीन ते सगळंच मोठं करतं. ऑराकास्टमध्ये वक्त्याच्या तोंडासमोरच्या माइकचा आवाज मिक्सरमधून थेट ट्रान्समीटरला जातो आणि तिथून रेडिओवरून माझ्या मशीनमध्ये येतो. मधली हवा आणि भिंती वगळल्या जातात. पहिल्याच व्याख्यानात मला शब्दांच्या शेवटची ‘स’, ‘श’, ‘त’ ही अक्षरं वेगळी ऐकू आली, आणि माझ्यासारख्याला वाक्याचा अर्थ लागतो तो त्यांच्यावरच.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये एक फोन आणि एक हेडफोन यांची जोडी जुळते आणि दोघे सतत एकमेकांना उत्तर देतात. आवाज छोट्या-छोट्या पाकिटांतून जातो; एखादं पाकीट पोचलं नाही तर हेडफोन पोच देत नाही, मग फोन ते पुन्हा पाठवतो. ऑराकास्टमध्ये ऐकणारा काहीच बोलत नाही. ट्रान्समीटर बोलत राहतो. दहा जण ऐकोत की दोनशे, त्याला पत्ता नसतो. म्हणूनच ऐकणाऱ्यांच्या संख्येवर बंधन नाही. पण कोणाचं पाकीट हुकलं हेही त्याला कळत नाही. त्यावरचा उपाय एकच: प्रत्येक पाकीट आधीच ठरवून ठेवलेल्या वेळा पुन्हा पाठवायचं. किती वेळा, हे बसवणाऱ्याने ठरवायचं असतं. आमची सगळी गंमत आणि सगळा त्रास याच एका आकड्याभोवती फिरला.

त्याआधी आवाजाच्या दर्जाचं एक सांगून टाकतो. आमच्या ट्रान्समीटरवर सुरुवातीला ४८ किलोहर्ट्‌झचा उच्च दर्जा निवडलेला होता. मिक्सरवरचा पोरगा म्हणाला, “सर, यादीत नाव दिसतंय की, मग आवाज का येईना?” माझ्या मशीनमध्ये नाव दिसत होतं, जोडल्याचं दाखवत होतं, पण पूर्ण शांतता. सार्वजनिक प्रसारणाच्या नियमात १६ आणि २४ किलोहर्ट्‌झ हा ‘स्टँडर्ड’ दर्जा आहे. तो प्रत्येक ऑराकास्ट रिसीव्हरला घेता यावा अशी अपेक्षा असते. ४८ चा दर्जा सगळ्यांना झेपेलच असं नाही, आणि कानाच्या मशीनमध्ये तो बऱ्याचदा नसतो. २४ वर आणल्याबरोबर आवाज आला. बोलण्यासाठी २४ किलोहर्ट्‌झ भरपूर होतात. स्टेरिओही बंद करून एकच मोनो प्रवाह ठेवला, म्हणजे हवेतली गर्दी तेवढी कमी.

आता त्या आकड्याकडे. सेटिंगच्या पानावर `24_2_1` आणि `24_2_2` असे दोन पर्याय दिसतात. दोन्हींमध्ये आवाजाचे १० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. पहिल्यात प्रत्येक तुकडा एकूण तीनदा पाठवला जातो आणि सगळं १० मिलिसेकंदांत उरकायचं असतं. दुसऱ्यात तो पाचदा जातो आणि त्यासाठी ६० मिलिसेकंदांपर्यंत वेळ मिळतो. त्यावर सगळ्या रिसीव्हरनी आवाज एकाच क्षणी वाजवावा म्हणून साधारण ४० मिलिसेकंद थांबायचं असतं. बेरीज केली तर पहिल्या सेटिंगला वक्त्याच्या ओठांपासून माझ्या कानापर्यंत ६० च्या आसपास मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला ११० च्या वर.

आम्ही पहिली सेटिंग ठेवली होती. रिकाम्या सभागृहात मी प्रत्येक कोपऱ्यात उभा राहून ऐकलं, कुठेच तुटलं नाही. मग २६ जूनला शाहू जयंतीचं व्याख्यान झालं. सभागृह भरून लोक मागे उभे होते. वक्ते १९०२ च्या जाहीरनाम्यावर बोलत होते. “मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा...” इथे माझ्या उजव्या कानात बुडबुडा फुटल्यासारखा आवाज आला आणि ‘पन्नास’ हा शब्द गेला. सगळ्या भाषणाचा कणा असलेला आकडाच गळाला. डाव्या कानात मात्र तो शब्द स्वच्छ आला होता.

हा एका कानाचा फरक फार कामाचा ठरला. मोनो प्रसारणात दोन्ही मशीन तोच प्रवाह आपापला स्वतंत्र पकडतात. बिघाड माइकमध्ये, वायरमध्ये किंवा मिक्सरमध्ये असता तर दोन्ही कानांत एकाच वेळी तुटलं असतं. एकाच कानात तुटतंय म्हणजे रेडिओचा प्रश्न. शिवाय बुडबुड्यासारखा, यंत्रमानवासारखा आवाज म्हणजे मशीन हरवलेला तुकडा अंदाजाने भरतंय. वायर सैल असेल तर कडकड येते, ती वेगळीच ओळखू येते. मध्यंतरात मधल्या रांगांतल्या आणखी दोघांना विचारलं. एक काकू म्हणाल्या, “मान वळवली की जातंय बघा.”

कारण साधं आहे. हे सगळं २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि त्या लहरी माणसाचं शरीर शोषून घेतं, कारण शरीरात पाणीच जास्त. आमचा ट्रान्समीटर रंगमंचाच्या पायथ्याशी, मिक्सरच्या टेबलावर होता. रिकाम्या खुर्च्यांवरून त्याला माझे कान दिसत होते. भरलेल्या सभागृहात मधे माणसांच्या रांगाच रांगा आल्या. त्यात प्रत्येकाच्या खिशात फोन आणि भिंतीवर त्याच पट्ट्यातला वायफायचा राउटर. म्हणून रिकाम्या सभागृहातली चाचणी जवळपास निरुपयोगी असते. माणसं बसवून ऐका, आणि ऐकताना मान फिरवा.

पुढच्या कार्यक्रमाला आम्ही दुसरी सेटिंग लावली, पाच वेळा पाठवणारी. तुटणं जवळजवळ थांबलं. पण एक नवी तक्रार आली, आणि ती ज्यांना थोडंच कमी ऐकू येतं त्यांची होती: “प्रत्येक शब्द दोनदा येतोय.”

याचा हिशोब मांडून बघितला. आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. रंगमंचाजवळच्या स्पीकरपासून तीन मीटरवर, पहिल्या रांगेत बसलेल्याला हवेतला आवाज ९ मिलिसेकंदांत मिळतो आणि मशीनमधला ११० नंतर. मधे १०० मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे उघड प्रतिध्वनी. शेवटच्या रांगेत, बारा मीटरवर, हवेतला आवाज ३५ मिलिसेकंदांनी येतो. तरी ७५ चं अंतर उरतंच. बोलण्याच्या बाबतीत साधारण ५० मिलिसेकंदांच्या वर गेलं की कान ते दोन वेगळे आवाज धरायला लागतो. ज्यांच्या कानात घट्ट साचा बसवलेला असतो त्यांना हे जाणवत नाही, कारण बाहेरचा आवाज आत फारसा येतच नाही. ज्यांच्या मशीनला भोकं असलेली उघडी रबरी टोपी असते, त्यांना दोन्ही ऐकू येतात.

म्हणजे पाकिटं जास्त वेळा पाठवावीत तर प्रतिध्वनी, कमी वेळा पाठवावीत तर गर्दीत शब्द गळतात. यातून वाट काढली ती सेटिंगने नव्हे, शिडीने. ट्रान्समीटर टेबलावरून काढून रंगमंचाच्या कमानीवर, डोक्यांच्या बराच वर बसवला, म्हणजे तो सगळ्या रांगांकडे वरून बघतो. मिक्सरपासून तिथपर्यंत बॅलन्स्ड केबल ओढली. राउटर दुसऱ्या टोकाला नेला आणि ५ गिगाहर्ट्‌झवर टाकला. मग पुन्हा `24_2_1` लावली. गणेशोत्सवातल्या कीर्तनाला सभागृह तसंच भरलं होतं; बाल्कनीखालच्या दोन कोपऱ्यांत अधूनमधून तुटलं, बाकी स्वच्छ.

बसायची जागाही बदलली. कमी ऐकू येणाऱ्याला पुढे बसवायचं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि ती प्रेमापोटीच आहे. पण उघडी टोपी असलेल्यांनी मधल्या-मागच्या रांगांत बसावं. तिथे हवेतला आवाजच उशिरा येतो, दोन्हींमधलं अंतर ५० मिलिसेकंदांच्या आत येतं आणि आवाज एकच वाटतो. घट्ट साचेवाल्यांनी खुशाल पुढे बसावं, त्यांना वक्त्याचे ओठही दिसतात.

मिक्सरकडून एक काळजी घ्यावी लागते. ट्रान्समीटरला मुख्य आउटपुट देऊ नका, वेगळा ऑक्स, म्हणजे मिक्सरमधून निघणारं स्वतंत्र आउटपुट, द्या, तोही प्री-फेडर, म्हणजे सभागृहाचा आवाज कमी-जास्त केला तरी न बदलणारा. नाहीतर शिट्टी वाजली म्हणून कोणी सभागृहाचा आवाज खाली ओढतो आणि आमच्या कानातलं भाषणही बसतं. ऑक्समध्ये बोलण्याचा माइक पुढे ठेवा, पेटी-तबला मागे.

फोनचं काम इथे फक्त यादी दाखवण्याचं. फोन आसपासची प्रसारणं शोधतो, आपण सभागृहाचं नाव निवडतो आणि फोन मशीनला कुठे लागायचं ते सांगतो. आवाज फोनमधून जात नाही, त्यामुळे नंतर फोन खिशात टाकला तरी चालतं. मात्र मशीन ज्याच्या फोनला जोडलेलं असतं त्याच फोनवरून हे करावं लागतं. कार्यकर्ता स्वतःच्या फोनवरून आबांचं मशीन लावून देऊ शकत नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी आम्ही बटणावर चालणारे छोटे रिसीव्हर दाराशी ठेवले आहेत. जुन्या मशीनमध्ये टी-कॉइल, म्हणजे चुंबकीय लहरींवरून आवाज पकडणारी गुंडाळी, असेल तर त्याच रिसीव्हरला गळ्यातला नेकलूप लावतो, मशीन ‘टी’वर ठेवायचं, की ऐकू येतं. वर्षानुवर्षं मागे नुसते बसून राहणारे आमच्यातले काही जण आता वक्त्यांना प्रश्न विचारतात, हे मी डोळ्यांनी बघतोय.

खुलं प्रसारण भिंतीबाहेरही जातं, हे लक्षात असू द्या. व्याख्यानाला ते चालतं. कार्यकारिणीच्या बैठकीला आम्ही कोड घालतो किंवा ट्रान्समीटर बंदच ठेवतो.

नवीन मशीन किंवा इअरबड घेणार असाल तर डब्यावरचं ‘ब्लूटूथ ५.३’ वाचून समाधान मानू नका. ऑराकास्ट ज्यावर उभं आहे ती एलई ऑडिओची सोय ५.२ पासून आली, पण ती ऐच्छिक आहे, ५.३ किंवा ५.४ लिहिलेल्या पुष्कळ वस्तूंत ती नसते. दुकानदाराला ‘ऑराकास्ट’ हा शब्द किंवा त्याचं चिन्ह डब्यावर दाखवायला सांगा. काही मशीनमध्ये ती सोय पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटला येईल असं सांगतात. तेव्हा आज चालू करून दाखवा म्हणा. चाचणीसाठी मशीन काही दिवस घरी देत असतील तर एखाद्या गर्दीच्या कार्यक्रमाला घेऊन या, मधल्या रांगेत बसा आणि मान दोन्ही बाजूंना वळवून ऐका.