फोटोतून आलेला निबंध तपासायचा कसा: फोटोवर खुणा, टाइप केलेली प्रत, की ॲपनं वाचलेला मजकूर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात शाळेला सुट्टी पडली की निबंध वहीतून येत नाहीत, फोनवर येतात. आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्या एका बाईंनी परवा विचारलं, "सर, फोटोवरच लाल रेघा मारू, की सगळं टाइप करून घेऊ? की सरळ ॲपला वाचायला लावू?" मी तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत. कुठला कधी धरायचा हे एका खऱ्याखुऱ्या परिच्छेदावर दाखवलं तर जास्त कळेल. आठवीतल्या मुलीचा आहे, विषय 'आमच्या गावातला पाऊस'.

"आमच्या गावात खुप पाऊस पडतो. पाणी अंगणात येते. मी नदीवर गेलो. मी पूर बघितलो आणी घाबरलो. शेतकर्यानी गरीबाना धान्य दिले. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते आणि अरबी समुद्राला मिळते."

आधी फोटोबद्दल, कारण पद्धत कुठलीही घेतली तरी घात इथंच होतो. मराठी शुद्धलेखनाच्या निम्म्या चुका एका ठिपक्यावर किंवा एका शेपटीवर ठरतात: अनुस्वार आहे की नाही, उकार पहिला की दुसरा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जातो, आणि पहिल्यांदा जातात ते हेच ठिपके. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ प्रत येते. मुलांना मी एवढंच सांगतो: वही खिडकीपाशी ठेव, फोन वर आडवा धर, आणि पातळ कागद असेल तर पानाखाली काळा कागद सरकव. काळ्या कागदामुळे मागच्या पानाची शाई वर उमटत नाही. नाहीतर मागच्या बाजूचा पूर्णविराम पुढच्या बाजूला अनुस्वार होऊन बसतो.

फोटो पुसट आला तर चूक मुलीची की कॅमेऱ्याची, हे त्याच पानावरून कळतं. वरच्या परिच्छेदात 'शेतकर्यानी' आणि 'गरीबाना' या दोन्हींवर अनुस्वार दिसत नाही. मी 'अंगणात' बघितलं. तिथं ठिपका स्वच्छ दिसतो. म्हणजे फोटोनं ठिपके खाल्लेले नाहीत, तिनंच दिलेले नाहीत. तसंच 'खुप'चं. 'पूर'मधला दीर्घ उकार तिनं नीट वळवून काढला आहे, त्यामुळे 'खुप'मधला ऱ्हस्व उकार तिचाच. पानावर असा पुरावा सापडला नाही तर मी चूक धरत नाही, फोटो परत मागवतो. न केलेल्या चुकीला लाल रेघ मिळाली की मूल पुढच्या खऱ्या रेघेवरही विश्वास ठेवत नाही.

आता पहिला पर्याय, फोटोवरच खुणा. माझ्या हाताला एका पानाला सहा-सात मिनिटं लागतात. मोठा फायदा असा की मुलीला तिचं स्वतःचं अक्षर दिसतं, चूक कुठल्या वळणावर झाली ते दिसतं. तोटा बोटाचा. बोटानं ओढलेली रेघ जाड येते आणि दोन ओळींच्या मधे 'शेतकऱ्यांनी' लिहायला गेलं की खालची ओळच बुजते. म्हणून मी शब्द लिहीत नाही. चुकीच्या शब्दाखाली रेघ आणि समासात एक आकडा. 1 म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, 2 म्हणजे अनुस्वार, 3 म्हणजे जोडाक्षर, 4 म्हणजे क्रियापदाचं रूप. बरोबर शब्द तिनं शोधून वहीत लिहायचा. मात्र खुणा करण्याआधी फोटोची एक कोरी प्रत वेगळी ठेवा. लाल झालेला फोटो जतन झाला आणि मूळ गेला, तर पुढच्या महिन्यात तिच्या प्रगतीची तुलना कशाशी करणार?

दुसरा पर्याय, निबंध जसाच्या तसा टाइप करून त्यावर दुरुस्ती. एका पानाला मला वीस मिनिटं तरी लागतात, आणि 'जसाच्या तसा' हे वाटतं तितकं सोपं नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी करणारा कीबोर्ड वापरलात तर तो 'खुप'चं 'खूप' करून मोकळा होतो, तुमच्या लक्षातही येत नाही. देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड घ्या आणि शब्द सुचवणं बंद करा. उलट गोष्टही होते. 'शेतकऱ्यांनी'मधला ऱ्य टाइप करायला नुक्त्याचा ऱ लागतो, साधा र घेऊन य जोडला की 'र्य' होतो, 'सूर्य'मधल्यासारखा. हा नुक्त्याचा ऱ कीबोर्डवर सापडला नाही की तुमच्या दुरुस्त प्रतीतच 'शेतकर्यांनी' राहतं आणि मुलीला वाटतं, आपलं बरोबरच होतं.

तरी टाइप केलेल्या प्रतीला एका कामात तोड नाही: वाक्यांची पुनर्रचना. वाक्यं मागंपुढं करायची असतील, दोन वाक्यं जोडायची असतील, तर फोटोवर बाणांचं जाळं होतं. म्हणून मी अख्खा निबंध टाइप करत नाही. सगळ्यात जास्त काम लागणारा एकच परिच्छेद करतो.

तिसरा पर्याय, हस्ताक्षर वाचून मजकूर काढणारं ॲप. छापील मराठीला ही ॲप चांगली चालतात. शाळकरी हस्ताक्षराला मी ती तपासणीसाठी वापरू नका असंच सांगेन. 'ख' सुटा पडला की 'रव' वाचलं जातं, 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल होते, हे तर डोळ्यांना दिसतं. न दिसणारा धोका मोठा आहे. अक्षर संशयास्पद असलं की ॲप नेहमीच्या वापरातला शब्द निवडतं, आणि नेहमीच्या वापरातला शब्द बहुधा शुद्ध असतो. माझ्याकडे एकदा 'गरीबाना'चं 'गरिबांना' होऊन आलं. दोन चुका होत्या, दोन्ही वाचतानाच पुसल्या गेल्या. आपण शोधायला बसलो होतो तेच हातातून जातं. मुलाचा मजकूर घाईनं नजरेखालून घालायचा असेल तेवढ्यापुरतं ठीक आहे.

तपासताना आमच्या भागात एक प्रश्न हमखास येतो, तो 'मी पूर बघितलो'चा. बेळगाव-खानापुरात 'मी पुस्तक वाचलो', 'मी काम केलो' असंच बोललं जातं. कन्नडमध्ये 'नानु नोडिदे', म्हणजे क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागं चालतं, आणि शेजारच्या भाषेची ती सवय आमच्या बोलीत रुजली आहे. प्रमाण मराठीत भूतकाळात कर्म असलं की क्रियापद बहुधा कर्माच्या मागं जातं: मी पूर बघितला, मी नदी बघितली, मी पाणी बघितलं. हा नियम तिला कधी कानावरच पडलेला नाही. त्यामुळे 'अशुद्ध' असा शेरा मारला तर तिला काहीच कळत नाही, उलट घरची भाषा चुकीची असं तिच्या मनात बसतं. मी खाली लिहितो, "घरी असंच म्हण. परीक्षेच्या पेपरात: काय बघितला? पूर. म्हणून बघितला."

'गेलो' आणि 'घाबरलो' यांना मात्र हाच आकडा देऊ नका. तिथं कर्मच नाही. मुलीनं प्रमाण लेखनात 'गेले', 'घाबरले' लिहायचं, एवढाच फरक आहे. आमच्याकडे बायकाही सर्रास 'मी आलो' म्हणतात, म्हणून हे रूप तिच्या हातून येतं. तिन्ही क्रियापदांना एकच लाल रेघ दिली तर ती पुढच्या वेळी 'मी पूर बघितले' लिहील, आणि ती चूक आपणच शिकवलेली असेल. हे सांगायला समासातला आकडा पुरत नाही. हा परिच्छेद मी टाइप केला तो याच कारणासाठी.

राहिलेल्या चुका पटकन होतात. 'खूप'मधला उपान्त्य उकार दीर्घ, कारण शेवटचं अक्षर अकारान्त आहे. 'गरीब'ला प्रत्यय लागला की री ऱ्हस्व होते आणि अनेकवचनाचा अनुस्वार येतो: गरिबांना. 'आणि' हा अपवाद, पाठच करायचा. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4 असे एकूण 18 नियम आहेत. आठवीच्या मुलीला एका निबंधामागं त्यातले दोन सांगितले तरी भरपूर. या निबंधासाठी मी उपान्त्याचा आणि अनुस्वाराचा निवडला.

आशयाचा अभिप्राय फोटोवर लिहूच नका. लाल खुणांच्या गर्दीत तो कुणी वाचत नाही, आणि मूल 'किती चुका' एवढंच मोजतं. मी तो वेगळ्या संदेशात, शक्यतो खुणांच्या आधी पाठवतो. त्यात तीन भाग असतात. पहिल्या भागात तिचंच एक वाक्य उचलायचं आणि ते का पोचलं ते सांगायचं. दुसऱ्या भागात माहितीची चूक, असेल तर. तिसऱ्या भागात एकच प्रश्न, ज्याचं उत्तर म्हणजे पुढचा खर्डा. या मुलीला मी पाठवलेला मजकूर असा:

"'पाणी अंगणात येते' हे वाचताना मला तुझं घर दिसलं. मलप्रभा अरबी समुद्राला मिळत नाही. नकाशावर कणकुंबीपासून बोट पूर्वेकडे ने, कूडलसंगमापर्यंत, आणि ती कुणाला मिळते ते बघ. तू पूर बघितलास तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं, आणि ते काय म्हणालं?"

मलप्रभेची चूक तिनं कशी केली असेल, हेही पाहावं लागतं. खानापूर तालुक्यातूनच म्हादई निघते आणि ती खरोखर पश्चिमेला, गोव्यातून अरबी समुद्राला जाते. समुद्र जवळ, पाऊस समुद्राकडून येतो, मग नदीही तिकडेच जात असणार असं तिला वाटलं. मलप्रभा मात्र कृष्णेला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागरात जातं. नुसती फुली मारली असती तर ही दुसरी नदी तिला कळलीच नसती.

हाच अभिप्राय आवाजात पाठवावा का, असंही बाईंनी विचारलं. पालकांना मराठी वाचता येत नसेल तर जरूर पाठवा. नाहीतर लिहिलेलाच बरा, कारण दुसरा खर्डा लिहिताना मूल तो समोर ठेवतं. आवाज एकदा ऐकून पुढं जातं.

तीस-चाळीस मुलं असतील तर सगळ्यांच्या फोटोवर आकडे आणि प्रत्येकाला तीन ओळींचा अभिप्राय, एवढंच करा. टाइप केलेला परिच्छेद आठवड्याला चार-पाच जणांना, आळीपाळीनं. घरी एकाच मुलाचा निबंध बघणाऱ्या आई-वडिलांना टाइप करायचीही गरज नाही, वही समोरच आहे.

त्या मुलीचा दुसरा खर्डा चार दिवसांनी आला, या वेळी डॉक्युमेंट म्हणून. 'खूप' बरोबर होतं, 'आणी' तसंच राहिलं होतं. मलप्रभा कृष्णेला मिळाली होती. आणि मधे एक नवं वाक्य होतं: "मी पूर बघितला तेव्हा आजी माझा हात धरून म्हणाली, पाण्याला पाठ दाखवू नकोस."