व्हॉइस नोटच्या ट्रान्स्क्रिप्टमधून कामांची यादी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमची टीम पाच-सहा जणांची. कामं ठरवणारे सर टाइप करत नाहीत, बोलतात, आणि एकेक व्हॉइस नोट सात-आठ मिनिटांची असते. ती फोनवरच मजकुरात उतरवून घ्यायची आणि त्या मजकुरातून हाताने बुलेटची यादी काढायची, ही पद्धत मी गेले काही महिने वापरते आहे. पद्धत उपयोगाची आहे. पण यादी काढणं म्हणजे मजकूर छोटा करणं, असं समजून सुरुवात केली तर ती फसते.

कारण बोलताना माणूस विचार करत असतो. सुरुवातीला सांगितलेलं मध्येच बदलतं आणि बदललंय हे वेगळं सांगितलं जातंच असं नाही. एका नोटचा हा तुकडा बघा:

"ते माहितीपत्रक गुरुवारी छापायला गेलं पाहिजे. डिझाइन तसं झालंय, फक्त मागच्या पानावरचा फोन नंबर जुना आहे, तो डिझायनरला बदलायला सांगा. प्रेसला अजून कुणी फोन केलेला नाही. बरं, वेबसाइटचं काय झालं, ते फॉर्मचं… हां, आणि गुरुवार नको, शुक्रवारी दिलं तरी चालेल, फोटो बुधवारी येतायत ना. कधीतरी आपण नवा कॅटलॉग पण करायला पाहिजे."

वरून खाली वाचत एकेक ओळ उचलली, तर यादीत गुरुवार जातो. म्हणून मी आधी सगळं शेवटपर्यंत वाचते आणि एका विषयाची विखुरलेली वाक्यं एकत्र आणते. एकाच कामाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या असतील तर नंतरची धरायची. मग प्रत्येक ओळ "काय, कोण, कधीपर्यंत" या साच्यात बसवायची. वरच्या तुकड्याची यादी अशी झाली:

- माहितीपत्रकाच्या मागच्या पानावरचा फोन नंबर बदलणे – डिझायनर – छपाईला देण्याआधी
- माहितीपत्रक छपाईला देणे – कोण? – शुक्रवार (फोटो बुधवारी येणार)
- प्रेसला फोन करणे – कोण? – कधी?
- विचारायचं: वेबसाइटच्या फॉर्ममध्ये नेमकं काय बाकी आहे?

कॅटलॉग यादीत नाही, तो मुद्दाम वगळला. "कधीतरी", "बघूया", "करायला पाहिजे" ही इच्छा झाली. ती खाली "नंतरसाठी" म्हणून वेगळी लिहावी, नाहीतर पंधरा ओळींच्या यादीत खरी पाच कामं बुडतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो "कोण" शोधण्यात. आपल्या बोलण्यात "पाठवून द्यायचं", "आपण करून टाकू", "फोन केला पाहिजे" अशी वाक्यं सर्रास येतात आणि त्यात करणारा कुणीच नसतो. अशा ठिकाणी अंदाजाने नाव घालायचा मोह होतो, कारण नाव घातलं की यादी पूर्ण दिसते. पण मग ज्याचं नाव आलं त्याला वाटतं हे सरांनी सांगितलंय, आणि सरांना तर ते माहीतही नसतं. प्रश्नचिन्ह तसंच ठेवावं. यादी टीमच्या ग्रुपवर टाकण्याआधी मी ती बोलणाऱ्याला पाठवते. प्रश्नचिन्हं समोर दिसली की उत्तरं दोन मिनिटांत येतात, "बाकी काही राहिलंय का?" असं मोघम विचारलं तर येत नाहीत.

तारखांचं पथ्य वेगळं. "उद्या" आणि "परवा" हे नोट रेकॉर्ड झाली त्या दिवसापासून मोजायचे, मी ऐकली त्या दिवसापासून नाही. रात्री उशिरा आलेली नोट सकाळी उघडली की इथे हमखास घोळ होतो. म्हणून ट्रान्स्क्रिप्टच्या डोक्यावर आधी नोटची तारीख लिहायची आणि यादीत थेट तारीख घालायची.

ट्रान्स्क्रिप्टवरही डोळे मिटून विसंबू नये. विरामचिन्हं जवळपास नसतात, माणसांची आडनावं वेगळीच उतरतात, आणि एक "नको" किंवा "नाही" गळला की सूचना उलटी होते. सगळी नोट पुन्हा ऐकायला वेळ नसतो. आकडे, नावं आणि नकार आलेल्या जागा मात्र मी मूळ आवाजात ऐकतेच, आणि एखादं वाक्य आगंतुक वाटलं तर तेही. ट्रान्स्क्रिप्टमध्ये वेळेच्या खुणा असतील तर हे काम फारच सोपं होतं.

कारणं किती ठेवावीत, यावर मी बरेच दिवस चाचपडत होते. आता एकच कसोटी लावते: कारण बदललं तर काम बदलेल का? फोटो गुरुवारी आले तर शुक्रवारची छपाई अडेल, म्हणून ते कंसात राहिलं. बाकीची पार्श्वभूमी गेली तरी चालते, मूळ नोट असतेच.

मिनिटभराच्या नोटेला एवढा खटाटोप नको, सरळ ऐकून दोन ओळी लिहाव्यात. आणि नोटेत दोघं जण एकमेकांना तोडत बोलत असतील तर ही पद्धत चालत नाही. ट्रान्स्क्रिप्टमध्ये कोणतं वाक्य कुणाचं ते कळत नाही, त्यामुळे कुणी कशाला हो म्हटलं तेही कळत नाही. तेव्हा मी फोन करून विचारते.