राउटरचा हरवलेला चार्जर: पिन तपासून घेतलेला अडॅप्टर, सात महिन्यांनंतर

आखाजीच्या आधी घराला रंग काढला, त्यात राउटर खाली उतरवला आणि त्याचा चार्जर जो गायब झाला तो आजपर्यंत सापडला नाही. आम्ही अमळनेरला राहतो, मुलीचा क्लास ऑनलाइन, म्हणून त्याच दिवशी काहीतरी लावणं भाग होतं. ड्रॉवरमध्ये जुन्या सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर होता, राउटरखालच्या स्टिकरवर पण १२ व्होल्ट १ अँपिअर, पिन गेली आत, लाईट लागले, मी म्हटलं झालं काम. पण दार जोरात लागलं की राउटर रिस्टार्ट, टेबल हललं की रिस्टार्ट. चार दिवस मी इंटरनेटवाल्यांनाच फोन करत होतो.

खरं कारण मित्राने सांगितलं, तो सीसीटीव्हीचं काम करतो. त्याने पिन नुसती बोटाने हलवली आणि म्हणाला, "भो, हिचं भोक मोठं आहे."

या गोल पिनला दोन मापं असतात, बाहेरची जाडी आणि मधल्या भोकाचं माप. बाहेरून ५.५ मिलीमीटरच्या पिनमध्ये भोक २.१ चं पण येतं आणि २.५ चं पण, आणि डोळ्याने हा फरक कळतच नाही. राउटरच्या सॉकेटमध्ये मधोमध एक काडी असते, ती बारीक असेल तर २.५ ची पिन आरामात आत जाते पण आतून धड पकडत नाही, आमचं तेच झालं होतं. म्हणजे पिन आत गेली याचा अर्थ माप बरोबर आहे असा होत नाही. म्हणून बारीक भोकाची पिन आधी लावून बघायची. कॅमेऱ्याला लागते ती डीसी पिन सहसा ५.५ बाय २.१ ची असते, ती सुटी मिळते. करंट न देता ती राउटरमध्ये घातली, घट्ट बसली तर माप २.१. काडीवर अडली तर बहुतेक २.५, जोर लावायचा नाही. बाहेरूनच शिरत नसेल तर तुमचं सॉकेट वेगळ्याच मापाचं आहे. आमच्यात ती कच्चकन बसली.

आता प्लस-मायनस. अडॅप्टरवर आणि बऱ्याच राउटरवर एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल, आणि दोन्ही बाजूंना प्लस आणि मायनस. ठिपक्याची रेघ ज्या चिन्हाला जाते ते मधल्या काडीचं. आमच्या स्टिकरवर व्होल्ट वाचता येत होते पण ते चित्र घासून गेलं होतं, म्हणून मित्राने मल्टिमीटर बीपवर ठेवला, राउटर पूर्ण बंद, एक टोक यूएसबी पोर्टच्या बाहेरच्या पत्र्याला, दुसरं सॉकेटमधल्या बाजूच्या पत्तीला. सलग बीप आला. तो पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो, म्हणजे बाहेरची बाजू मायनस, मधली काडी प्लस. काडीला लावल्यावर क्षणभर टिक झाली आणि थांबली, ते आतला कपॅसिटर भरतो म्हणून, त्याला बीप धरायचं नाही. यूएसबी पोर्ट नसेल तर ही युक्ती चालेलच असं नाही, काही राउटरचे लॅन पोर्ट नुसते प्लास्टिकचे असतात, तिथे मॉडेल नंबर टाकून मूळ अडॅप्टरच्या लेबलचा फोटो शोधावा, अंदाजाने लावू नये.

मग दुकानात मल्टिमीटर घेऊनच गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, सगळे सारखेच असतात." मी घरून भाच्याच्या म्युझिक कीबोर्डचा ९ व्होल्टचा अडॅप्टर नेला होता, तो लावून दाखवला. मीटर डीसी २० वर, लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या पत्र्याला, दोन्ही टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत. मीटरवर आकड्याच्या आधी मायनस आला, म्हणजे त्याचं मधलं मायनस, पिन मात्र दिसायला हुबेहूब तशीच. तो राउटरला लावला असता तर राउटर जळू शकला असता. नवीन अडॅप्टरवर १२.२ आलं, मायनस नाही, पिन २.१ ची, तोच घेतला. तो १२ व्होल्ट २ अँपिअरचा आहे, राउटरला १ लागतो, पण अँपिअर जास्त असले तर चालतं, राउटर लागेल तेवढेच ओढतो. व्होल्ट मात्र तोच पाहिजे.

सात महिने झाले. मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याच्या खोलीत दिवसरात्र चालू होता, हाताला कोमट लागायचा, चटका कधी बसला नाही. लाईट जाते-येते ते आमच्याकडे नेहमीचंच, त्यातही टिकला. परवा परत मीटर लावला तर १२.२ च. वायर थोडी आखूड आहे एवढीच तक्रार, त्यासाठी राउटर कपाटाच्या वरून खाली आणावा लागला. पिन अजून तशीच घट्ट बसते, दार कितीही आपटलं तरी मुलीचा क्लास तुटत नाही. सेटटॉप बॉक्सच्या त्या अडॅप्टरला मी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, "२.५, राउटरला नाही".