टोक खाली, दार बंद: अंडी साठवण्याचा वर्षभराचा अनुभव

परभणीत घरी अंड्यांचा खप बऱ्यापैकी आहे. मुलांना रोज डब्यात भुर्जी नाहीतर उकडलेलं अंडं लागतं, त्यामुळे तीस अंड्यांचा आख्खा ट्रेच घरी येतो आणि संपायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्यात कोण म्हणतं अंड्याचं निमुळतं टोक खाली ठेवा, कोण म्हणतं दारातल्या खाचा कशासाठी दिल्यात मग, तिथंच ठेवा. मागच्या होळीपासून थंडीपर्यंत मी हे वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिलं. फ्रीज साधा, एकदारी, वर बर्फाचा कप्पा असलेला, आपल्याकडे बहुतेक घरांत असतो तसला.

निकाल आधीच सांगते. टोक खाली ठेवणं बरोबर आहे, पण त्याचा फायदा लहान आहे. जागेचा आणि थंडाव्याचा फायदा त्याच्या कितीतरी पट मोठा. टोक खाली ठेवलेलं अंडं दारात असेल तर आडवंतिडवं पण मधल्या जाळीवर ठेवलेलं अंडं त्याच्यापेक्षा चांगलं राहतं.

टोकाचं कारण समजलं की बाकीचं आपोआप लागतं. कोंबडीच्या अंगातून अंडं बाहेर येतं तेव्हा चाळीस अंशांच्या पुढे गरम असतं. ते थंड होताना आतला माल आकसतो आणि रुंद बाजूला कवचाच्या आतल्या दोन पापुद्र्यांमध्ये हवा शिरते. तीच हवेची पोकळी. उकडलेलं अंडं सोललं की रुंद बाजूला जो खळगा दिसतो तो हिचाच. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून रोज थोडं पाणी उडतं आणि पोकळी वाढत जाते. आत बलक दोन पीळदार पांढऱ्या दोऱ्यांनी मधोमध धरलेला असतो. अंडं फोडल्यावर बलकाला चिकटलेली जी पांढरी गाठ आपण किडा समजून काढतो ना, तोच हा दोरा. बलकात चरबी असल्यामुळे तो पांढऱ्यापेक्षा हलका असतो आणि वर तरंगायला बघतो. ताज्या अंड्याचं पांढरं घट्ट असतं, त्यात तो अडकून राहतो. पांढरं पातळ झालं की सरकतो.

टोक खाली असलं की हवा वर आपल्या जागी गपचूप बसते. टोक वर केलं की हवेची पोकळी खाली येते, हवा वर जायला बघते आणि आतल्या पापुद्र्यावर जोर येतो. अंडं जुनं असेल, त्यात धक्का बसला तर पापुद्रा सुटून हवेचा बुडबुडा आत हिंडायला लागतो.

हे पाहायला मोबाईलचा टॉर्च पुरतो. खोलीत अंधार करायचा, टॉर्चवर रुंद बाजू टेकवायची. पोकळी फिकट टोपीसारखी दिसते, तिच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारायची. पांढऱ्या कवचाच्या अंड्यात लख्ख दिसतं, गावरान तपकिरी अंड्यात जरा डोळे ताणावे लागतात. अमेरिकेच्या प्रतवारीत सगळ्यात वरच्या दर्जाच्या अंड्याची पोकळी सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही, त्याखालच्या दर्जाला ५ मिलिमीटरपर्यंत चालते. आपल्या घरगुती वापराला एवढा काटेकोरपणा नको, पण रेघ किती सरकली ते बघितलं की अंडं कुठं लवकर म्हातारं होतंय ते कळतं.

उन्हाळ्यातली एक खेप नीट लक्ष ठेवून पाहिली. एकाच दुकानातला, त्याच दिवशी फार्मवरून उतरलेला ट्रे. काही अंडी दारातल्या खाचांत, काही मधल्या जाळीवर झाकणाच्या डब्यात टोक खाली, काही त्याच डब्यात टोक वर. प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण. महिनाभरानं टॉर्चवर धरली तर मधल्या जाळीवरच्या दोन्ही गटांची पोकळी जवळपास सारखीच वाढलेली. त्यात नवल नाही, कारण पाणी छिद्रांतून उडतं, त्याला वरखाली कळत नाही. फरक उकडल्यावर दिसला. टोक वर ठेवलेल्यांपैकी बऱ्याच अंड्यांत बलक निमुळत्या बाजूला जाऊन कवचाला लागला होता, तिथं पांढरा थर कागदाएवढा उरलेला, सोलताना तो फाटला आणि बलक उघडा पडला. टोक खाली ठेवलेल्यांतही बलक वर, म्हणजे रुंद बाजूला थोडा सरकला होताच, पण तिकडे जागा ऐसपैस असल्यामुळे भोवती पांढरं शिल्लक राहिलं. अंडाकरीसाठी उभे काप करणाऱ्याला हा फरक कळेल, भुर्जीवाल्याला अजिबात कळणार नाही.

दारातली अंडी मात्र भुर्जीवाल्यालाही कळतील अशी झाली होती. ताटलीत फोडली तर पांढरं पाण्यासारखं पसरलं, बलक चपटा, आणि एक-दोन तर फोडतानाच फुटले. मधल्या जाळीवरच्या अंड्याचा बलक त्याच दिवशी उंच, गोल होता. ती टोक वर होती की खाली, इथं काही फरक दिसला नाही.

कारण साधं आहे. छिद्रांतून पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर जातो. ताज्या पांढऱ्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेसातच्या आसपास असतो, हा वायू गेला की तो ९ च्या वर चढतो, घट्ट पांढऱ्याची वीण सुटते आणि ते पातळ होतं. बलकाभोवतीचं पातळ आवरणही ढिलं पडतं, त्यातून पाणी आत शिरतं आणि बलक पसरट होतो. हे सगळं उष्णतेत भराभर होतं, थंडीत सावकाश. मे महिन्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून मी फ्रीजच्या जागा तपासल्या. दुपारी घरातली पोरं पाण्याच्या बाटल्यांसाठी सारखं दार उघडतात तेव्हा दाराच्या वरच्या खाचेत पारा दहाच्या पुढे जायचा आणि रात्री परत उतरायचा. मधल्या जाळीवर मागच्या बाजूला चार-पाचाच्या आसपास, फारसा हलत नव्हता. त्यात दार आपटलं की खाचेतली अंडी दिवसातून कितीदा हादरतात ते वेगळंच. कंपन्या अंड्यांच्या खाचा दारात का देतात हे मला आजवर उमगलं नाही. जागा वाचते एवढंच.

दुसऱ्या टोकाला बर्फाच्या कप्प्याखालचा चिलर ट्रे. तिथं अंडी ठेवू नका. अंडं शून्याच्या किंचित खाली गोठायला लागतं, आतला माल फुगतो आणि कवचाला केसासारखी चीर जाते. उन्हाळ्यात आपण फ्रीजचा खटका पुढे सरकवतो तेव्हा हे हमखास होतं. चीर कोरड्या अंड्यावर दिसत नाही, पण हलकेच टिचकी मारली तर आवाज बद्द येतो. असं अंडं त्याच दिवशी पूर्ण शिजवून संपवायचं.

म्हणून माझी जागा ठरली: मधली जाळी, मागच्या भिंतीला न टेकवता, झाकणाच्या डब्यात, टोक खाली. झाकण दोन कारणांसाठी. एक, पाणी कमी उडतं. दुसरं, वास. कवचाच्या छिद्रांतून शेपूचा, लसणाच्या ठेच्याचा वास आत जातो. आमच्याकडे एकदा शेपूच्या जुडीशेजारची अंडी उकडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाजी केली का अंडी?" भाजीच्या कप्प्यात अंडी नकोत ती त्यामुळेच. तिथं ओलही फार असते.

ठेवण्याआधी धुऊ नका. अंड्यावर कोंबडीनंच दिलेला एक पातळ लेप असतो, तो छिद्रं झाकतो. धुतल्यावर तो जातो आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरायला सोपं होतं. घाण असेल तर कोरड्या फडक्यानं पुसायची, वापरण्याआधी हवी तर धुवा. त्याच कारणानं गार अंडी बाहेर काढून घाम सुटू द्यायची आणि परत आत ठेवायची, हेही टाळते. पावसाळ्यात हा घाम जास्त सुटतो. लागतील तेवढीच काढते.

लाईट गेली की दार उघडायचं नाही, एवढंच पाळते. खालच्या जाळीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतात, त्या थंडावा धरून ठेवतात. दोन-तीन तासांच्या भारनियमनात डब्यातल्या अंड्यांना फारसं काही होत नाही.

गावरान अंड्यांचा मामला वेगळा, आणि मराठवाड्यात तो विशेष जपायला हवा. आठवडी बाजारातली गावरान अंडी बहुधा कोंबडा फिरणाऱ्या कळपातली असतात, म्हणजे फळलेली असू शकतात. अशा अंड्यात वीस-एकवीस अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढायला लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर अडतीस-चाळीसला तापलेलं असतं. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली जेवढं गरम असतं तेवढंच. टोपलीत ठेवलेली अशी अंडी चार-पाच दिवसांनी फोडली तर बलकावर लाल शिरांची जाळी, कधी रक्ताचं कडं दिसतं. टॉर्चवर धरलं तरी लाल कोळ्यासारखं दिसतं. तिथं टोक खाली असलं काय नि वर असलं काय. आणल्या दिवशीच फ्रीजमध्ये टाका, गर्भ थांबतो. बॉयलरच्या अंड्यांत ही भानगड नाही, तिथं कोंबडाच नसतो.

आमच्या दुकानदाराला विचारलं, ट्रेमध्ये टोक खाली कामून लावता? तो म्हणाला, "ताई, फार्मवरूनच तसे येतात, आम्ही कशाला हात लावू." फार्मवर ती रीत पक्की आहे. उबवणीतही रुंद बाजू वरच ठेवतात, कारण पिल्लू बाहेर येण्याआधी त्या पोकळीतच पहिली चोच घालून श्वास घेतं.

पाण्यात बुडवून बघायची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे, पण ती पोकळी किती वाढली एवढंच सांगते. आडवं पडलं तर ताजं, टोकावर उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फारच जुनं. जंतू आहेत की नाहीत हे पाण्याला कळत नाही. मी तरंगलेलं अंडं वेगळ्या वाटीत फोडते, वास आला तर टाकते. उभं राहणारी अंडी उकडायला काढते, कारण जुन्याचं कवच सोलायला सोपं जातं. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं पापुद्र्याला इतकं चिकटतं की निम्मं सालीबरोबर जातं.

नवा ट्रे आला की जुनी डब्यात पुढे ओढते, नवी मागे. त्यांच्यावर तारीख मात्र पेन्सिलीनंच. स्केच पेनची शाई छिद्रांतून आत उतरते.