स्टॉलवाटप: आधी पैसे भरणाऱ्याला मान की मोठी जागा घेणाऱ्याला?

तुर्भे-महापे पट्ट्यातल्या कारखानदारांची संघटना वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात प्रदर्शन भरवायला निघाली, की ले-आउट टेबलावर येताच समितीत वाद पेटतो. कोणता स्टॉल कोणाला द्यायचा, हे कशावरून ठरवायचं? पद्धती दोन. एकीत ज्याचे पैसे आधी, त्याची निवड आधी. दुसरीत मोठी जागा घेणारा आधी निवडतो आणि एकाच आकाराच्या पार्ट्यांमध्ये पैशांचा क्रम लागतो. मी दोन्ही पद्धतींनी याद्या लावल्या आहेत आणि दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या आहेत.

पैशांच्या क्रमाची मोठी सोय म्हणजे भांडण कमी. तारीख बँकेच्या नोंदीत असते, ती कोणी नाकारू शकत नाही. शिवाय हॉलचा अ‍ॅडव्हान्स भरायच्या वेळी पैसा हातात असतो. पण या पद्धतीत जागा तुकड्यांत अडकते. एक रांग घ्या: तीन बाय तीन मीटरचे, म्हणजे ९ चौरस मीटरचे ८ स्टॉल, ओळीने १ ते ८. दोन्ही टोकांचे कॉर्नर. पहिल्या पैसेवाल्याने प्रवेशाजवळचा १ नंबर घेतला. दुसऱ्याने ४ घेतला. तिसऱ्याने ७ घेतला. चौथ्या पार्टीला मशीन आणायचंय, तिला २७ चौरस मीटर, म्हणजे सलग तीन स्टॉल हवेत. उरले २, ३, ५, ६ आणि ८. मोकळी जागा ४५ चौरस मीटर, पण सलग तीन कुठेच नाहीत! आता कोणाला तरी उठवायला फोन करावा लागणार, आणि ज्याने आधी पैसे भरलेत तो का उठेल?

हीच रांग आकाराने लावा. मोठ्या पार्टीला १, २, ३ दिले. पहिल्या पैसेवाल्याला दुसऱ्या टोकाचा कॉर्नर, ८ नंबर मिळाला. बाकीच्या दोघांना त्यांचे ४ आणि ७ जसेच्या तसे. वर ५-६ ही सलग जोडी १८ चौरस मीटरवाल्यासाठी शिल्लक. नाराज एकच, पण तो सर्वांत आधी पैसे भरलेला, त्यामुळे त्याचा आवाज मोठा. नियम बुकिंग फॉर्मवर आधीच छापलेला असेल तरच त्याला उत्तर देता येतं.

आकाराच्या पद्धतीचा खरा तोटा वेगळाच आहे. मोठ्या पार्टीला कळतं की आपला नंबर तसाही वरच आहे, मग ती पैसे भरायला आळस करते. म्हणून आकाराचा मान ठरावीक तारखेपर्यंतच ठेवा. तोवर पूर्ण पैसे आले नाहीत, तर ती पार्टी आपल्या पैशांच्या तारखेने सर्वांच्या रांगेत. दुसरी पळवाट म्हणजे १८ मीटर बुक करून चांगला कोपरा पटकावायचा आणि मग जागा ९ वर आणायची. जागा कमी केली की निवड रद्द, आणि ९ मीटरवाल्यांच्या शेवटी उभं राहायचं, असं फॉर्मवर लिहा.

पसंती विचारताना फक्त स्टॉल नंबर मागू नका. अग्निशमन विभागाच्या सूचनांवरून वाटा रुंदावल्या की ले-आउट बदलतो आणि जुना ४ नंबर भलतीकडेच जातो. कॉर्नर हवा, प्रवेशाजवळ हवा, अमक्या प्रकारच्या मालाच्या शेजारी नको, अशी कारणं क्रमाने मागा. कॉर्नरला जादा दर ठेवला, तर ज्याला खरंच हवा तोच मागतो.

मग कोणती पद्धत घ्यायची? जवळपास सगळे स्टॉल ९ मीटरचे असतील, तर पैशांचा क्रम पुरतो, उगाच गुंता वाढवू नका. पण सलग तीन किंवा जास्त स्टॉल मागणाऱ्या दोन-चार पार्ट्या जरी असल्या, तरी मी आकाराची पद्धत घेईन, तारखेच्या अटीसह.

कुठलीही घ्या, ‘पैसे आले’ म्हणजे काय हे आधी ठरवा. चेकवरची तारीख धरू नका, रक्कम खात्यात जमा झाली तो दिवस धरा. मात्र टीडीएस विसरू नका. समजा, भाडं १,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,००० झालं. पार्टीने भाड्यावर २ टक्के टीडीएस कापला, तर खात्यात १,१६,००० येतात. आमच्या खजिनदाराने एकदा अशी पार्टी ‘अपूर्ण’ म्हणून खाली ढकलली, आणि तिची तारीख परत लावताना चार जणांचे स्टॉल हलवावे लागले. एकाच दिवशी जमा झालेल्यांसाठी चिठ्ठ्या टाका, पण त्यांच्यासमोर.